खवट तेल, कडू पीठ, जुनाट तूप: वास कशाचा येतो आणि साठवण कशी करायची

आपल्याकडे ‘खवट’ हा एकच शब्द सगळ्याला चालतो. शेंगदाणे खवट, खोबरं खवट, तेल खवट, तूप खवट, बाजरीचं पीठही खवट. काही घरांत ‘कौट’ म्हणतात. बडोद्याच्या मराठी घरात गुजराती शेजारणीचा ‘खोरं’ हा शब्द रुळलाय, आणि बेळगावात कानडी दुकानदार ‘कमटु’ म्हणाला की आपल्याला लगेच कळतं. शब्द एक असला तरी यामागे दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. एक खवटपणा हवेमुळे येतो, दुसरा पाण्यामुळे. दोघांचा वास वेगळा, चव वेगळी आणि रोखायचा उपायही वेगळा. गफलत इथेच होते. हवेपासून जपायची वस्तू आपण फक्त ओलीपासून जपतो, आणि ओलीपासून जपायची वस्तू नुसतं झाकण घट्ट लावून ठेवतो.

हवेचा खवटपणा

तेल असो वा दाण्यातला स्निग्धांश, हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू खातो. गंमत अशी की सुरुवातीला काहीच कळत नाही. ऑक्सिजन तेलाला चिकटला की आधी पेरॉक्साइड नावाचे पदार्थ तयार होतात, आणि त्यांना वासच नसतो. ते साठत जातात, मग फुटतात, आणि फुटल्यावर जे बारीक तुकडे होतात त्यांना वास असतो. म्हणून महिनाभर ठीक वाटणारं तेल पुढच्या दहा-पंधरा दिवसांत एकदम बिघडल्यासारखं वाटतं. ते एकदम बिघडलेलं नसतं, बिघाड आधीपासून सुरू असतो, नाकाला तो उशिरा कळतो.

या प्रकारात आधी चांगला वास जातो. घाण्याच्या शेंगतेलाचा खमंगपणा कमी होतो, तेल सपक लागतं. मग कच्च्या गवतासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. त्याच्याही पुढे गेलं की ऑइलपेंट किंवा वार्निशचा. ही तुलना उगाच केलेली नाही. जवसाचं तेल रंगात वापरतात ते याचसाठी, की हवेत ते ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि कडक पापुद्रा धरतं. तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी, किटलीच्या नळीला किंवा डब्याच्या कडेला जो चिकट पिवळा थर बसतो, तोही त्याच जातीचा. त्यावर नवीन तेल ओतलं की काय होतं ते पुढे बघू.

सगळी तेलं सारख्या वेगाने बिघडत नाहीत. तेलात ओलिक आम्ल जास्त असेल तर ते दम धरतं. लिनोलिक जास्त असेल तर त्याचा ऑक्सिजनशी संयोग ओलिकच्या दहा पटींहून अधिक वेगाने होतो, आणि लिनोलेनिक त्याहूनही घाईचं. त्यामुळे करडई आणि सूर्यफूल लवकर खवट होतात, शेंगतेल मधल्या पायरीवर राहतं. तिळाच्या तेलात स्वतःचीच राखण करणारे घटक आहेत, म्हणून ते बरंच टिकतं. खोबरेल हवेला फारसं दाद देत नाही, त्याचं दुखणं वेगळं आहे. सुक्या मेव्यातही हाच क्रम लागतो. काजू आणि बदाम तग धरतात, अक्रोड सर्वांत आधी जातो, कारण त्यात घाईची दोन्ही आम्लं भरपूर आहेत. जवसाची आणि कारळ्याची चटणी एकदम महिन्याभराची करून ठेवली की शेवटी शेवटी कडवट का लागते, तेही यावरून कळेल.

पाण्याचा खवटपणा

दुसऱ्या प्रकारात हवा लागतच नाही. स्निग्ध पदार्थाचा कण म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन आम्लं. थोडी ओल आणि लायपेज नावाचं विकर मिळालं की ही आम्लं सुटी होतात. हे विकर धान्यात, दाण्यात मुळातच असतं, आणि दुधा-सायीत ते जंतूंकडूनही येतं. सुटलेलं आम्ल कोणतं यावर वास ठरतो. लोण्या-तुपातून ब्यूटिरिक आम्ल सुटतं, त्याला आंबूस, ओकारीसारखा वास असतो. खोबऱ्यातून लॉरिक आम्ल सुटतं आणि जिभेवर चक्क साबणाची चव येते, कारण साबण बनवायला तेच आम्ल वापरतात. पिठात मात्र वासाआधी कडूपणा जाणवतो.

आपले वाचक गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत पसरलेत, म्हणून इथे हवामानाचा विचार करावाच लागतो. ढोबळ नियम असा, की तापमान दर दहा अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो. बेळगाव उंचावर असल्याने उन्हाळा तसा सुसह्य. तेच तेल बडोद्यात, ग्वाल्हेरात किंवा हैदराबादेत मे महिन्याच्या चाळीस अंशांत ठेवलं तर निम्म्या वेळात जाईल. उलट गोव्यात आणि आपल्या खानापूर पट्ट्यात पावसाचे चार महिने पीठ, खोबरं आणि दाणे यांना ओल मारते. उन्हाळ्यात हवेची आणि उष्णतेची काळजी जास्त घ्यायची, पावसाळ्यात ओलीची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एका डब्याचा हिशेब

शहापूर भागातलं एक ओळखीचं घर. माणसं पाच. दिवाळीला घाण्यावरून १५ किलोचा शेंगतेलाचा डबा आणला. एकदम घेतला की स्वस्त पडतो, हे खरंच. तेलाची घनता पाण्याहून कमी, त्यामुळे १५ किलो म्हणजे जवळपास साडेसोळा लिटर. महिन्याला पावणेतीन लिटर लागतं, म्हणजे डबा सहा महिने पुरणार. फेब्रुवारीच्या शेवटी भाजीला वेगळाच वास यायला लागला. सासूबाईंना वाटलं मसाला जुना झाला, सुनेला वाटलं गिऱ्हाइकाला घाणेवाल्याने फसवलं.

डबा पाहिल्यावर कारण समोरच होतं. डब्याला एका कोपऱ्यात भोक पाडलेलं, त्यावर वाटी उपडी. जागा गॅसच्या कट्ट्याखाली. फेब्रुवारीच्या शेवटी डब्यात निम्म्याहून कमी तेल, म्हणजे उरलेल्या नऊ-दहा लिटर जागेत हवा, आणि रोज तेल ओतून घेताना ती हवा नवी होत होती. कट्ट्याखालची जागा बाकी खोलीपेक्षा गरम. शिवाय रोजच्या वापराची स्टीलची किटली. ती तळाशी दोन बोटं तेल उरलं की पुन्हा भरली जायची, धुतली कधीच जात नव्हती. घाणेवाल्याचा दोष नव्हता.

या किटलीकडे नीट बघायला हवं. जुन्या तेलात जे पेरॉक्साइड साठलेले असतात, ते नव्या तेलात गेले की बिघाड पुढच्या पायरीवरून सुरू होतो. दह्याचं विरजण दुधाला लागतं, तसं खवट तेलाचं विरजण ताज्या तेलाला लागतं. तळाचे दोन चमचे सुद्धा पुरतात. म्हणून किटली रिकामी झाली की गरम पाणी आणि साबणाने धुवायची, पूर्ण कोरडी करायची, मगच भरायची. झाकणाखालचा आणि नळीतला चिकट थर काढल्याशिवाय धुतल्याचा उपयोग नाही.

आता तोच डबा नीट ठेवायचा म्हटलं तर काय करायला हवं होतं? घाण्याचं तेल आणल्यावर आधी चार-पाच दिवस न हलवता ठेवायचं. तळाशी गाळ बसतो. त्या गाळात पेंडीचे बारीक कण आणि थोडी ओल असते, म्हणजे पाण्याच्या खवटपणाला लागणारं सगळं साहित्य. वरचं स्वच्छ तेल अलगद काढून घ्यायचं आणि तळाचं गढूळ तेल आधी वापरून टाकायचं. मग साडेसोळा लिटरसाठी दोन-दोन लिटरची आठ भांडी करायची, उरलेलं अर्धा लिटर किटलीत. भांडी स्टीलची किंवा गडद काचेची, झाकण आट्याचं, आणि तेल गळ्यापर्यंत भरलेलं, म्हणजे आत हवेला जागाच नाही. पावणेतीन लिटरच्या हिशेबाने दोन लिटरचं एक भांडं साधारण २२ दिवस चालतं. म्हणजे कुठलंही तेल उघड्या हवेत तीन आठवड्यांहून जास्त राहत नाही. सहाव्या महिन्यात उघडलेलं आठवं भांडंही तोवर भरलेलं आणि बंदच होतं. ते पहिल्याइतकं ताजं असेल असं नाही, पण अर्ध्या रिकाम्या डब्यातल्या तेलाशी त्याची तुलनाच नाही.

ही भांडी ठेवायची घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या जागी. खिडकीतली पारदर्शक बाटली दिसायला छान दिसते, पण उजेड हा खवटपणाला वेग देणारा मोठा घटक आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात, कल्हई उडालेली असेल तर तेल किंवा तूप अजिबात ठेवायचं नाही. तांब्याचा अगदी बारीकसा अंशही हा बिघाड कित्येक पटींनी वाढवतो. गंजलेल्या पत्र्याच्या डब्याचंही तसंच.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे एक हिशेब मांडतोच. समजा डबा एकदम घेऊन किलोमागे १० रुपये वाचले, म्हणजे दीडशे रुपये. शेवटचं दोन किलो तेल खवट झालं आणि किलोचा भाव १८० धरला, तर ३६० रुपये गेले. ज्यांच्या घरी महिन्याला दीड लिटरही तेल लागत नाही, त्यांनी मोठा डबा घेऊच नये, किंवा दोन घरांत वाटून घ्यावा. पॅकेटवर छापलेली ‘बेस्ट बिफोर’ तारीख न उघडलेल्या पॅकेटची असते. उघडल्यावर ती तारीख आपल्या कामाची नाही. उघडल्याची तारीख पेनाने झाकणावर लिहिली तर जास्त उपयोग होतो.

शेंगदाणे आणि कूट

शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. निसर्गाने ते छान बांधून दिलंय. बाहेर टरफल, आत लाल साल, आणि त्या सालीत तेलाचं रक्षण करणारे घटक. आपण एकेक आवरण काढत जातो तसं आयुष्य कमी होतं. टरफलासकट शेंग सर्वांत जास्त टिकते. मग कच्चा दाणा, मग भाजलेला, मग भाजून सोललेला, आणि शेवटी कूट. भाजण्याने आतलं विकर मरतं, म्हणजे पाण्याचा खवटपणा थांबतो. पण दाण्याची बांधणी मोकळी होऊन तेल हवेच्या तोंडी येतं, आणि हवेचा खवटपणा वेग घेतो. कुटात तर प्रत्येक कण उघडा. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेला कूट आठ-दहा दिवसांत आपला खमंगपणा हरवतो. फ्रीजमध्ये घट्ट डब्यात महिनाभर बरा राहतो.

म्हणून वर्षाचे दाणे भाजून ठेवण्याची पद्धत सोडावी. कच्चे ठेवावेत, आठवड्याला लागतील तेवढेच भाजावेत. चार-पाच किलोंहून जास्त साठवायचे असतील तर आधी कडक उन्हात दोन दिवस वाळवून, सावलीत पूर्ण गार करून मगच डब्यात भरायचे. गरम दाणे डब्यात भरले की झाकणाला आतून घाम धरतो आणि तेच पाणी परत दाण्यावर पडतं. दाणा दातांखाली ‘कट्’ करून तुटला पाहिजे, चिवट लागला तर ओल आहे.

दाणे तपासताना वरून वास घेऊन चालत नाही. दाणा फोडायचा. ताज्या दाण्याच्या आतली बाजू पांढरट आणि कोरडी असते. खवट झालेला दाणा आतून पिवळसर, तेलकट, थोडा पारदर्शक दिसतो. दोन-तीन दाणे चावायचे आणि गिळल्यावर अर्धं मिनिट थांबायचं. खवट चव उशिरा येते, जिभेच्या टोकाला नाही तर घशाशी, आणि घसा खवखवतो. दुकानात एक दाणा तोंडात टाकून लगेच ‘चांगलाय’ म्हणणाऱ्यांची फसगत यामुळेच होते.

इथे एक फरक नीट समजून घ्या. खवट दाणा आणि बुरशी लागलेला दाणा या एक गोष्टी नाहीत. शेंगदाण्यावरच्या विशिष्ट बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक आहे. त्याला स्वतःचा वास नाही, चव नाही, आणि भाजून ते पुरतं जात नाही. त्यामुळे सुरकुतलेले, काळपट, हिरवट पूड दिसणारे किंवा आतून रंग बदललेले दाणे निवडून फेकायचेच. भाजून चटणीत ढकलायचे नाहीत.

तूप: बिघाड कढवण्याच्या आधीच

घरचं तूप दीड-दोन महिन्यांत आंबूस वास मारायला लागलं, तर बहुतेक वेळा दोष बरणीचा नसतो, सायीचा असतो. फ्रीजमध्ये पंधरा-वीस दिवस साय साठवतात. फ्रीजच्या थंडीतही काही जंतू वाढत राहतात आणि त्यांचं विकर सायीतला स्निग्धांश फोडत असतं. सुटलेली आम्लं मग लोण्यात येतात, लोण्यातून तुपात येतात. कढवताना थोडा वास उडतो, सगळा नाही. असं तूप जन्मतःच अर्धं खवट असतं. साय आठवड्याच्या वर साठवायची असेल तर फ्रीजरमध्ये ठेवावी, नाहीतर पहिल्याच दिवशी विरजण लावून दर पाच-सहा दिवसांनी घुसळावं. लोणी निघालं की ताक पूर्ण निघेपर्यंत गार पाण्याने धुवावं.

कढवताना महत्त्वाचा मुद्दा पाण्याचा. लोण्यात बरंच पाणी असतं आणि ते सगळं जायला हवं. कानाने कळतं. पाणी आहे तोवर तडतड आवाज येतो, मोठे बुडबुडे येतात. आवाज थांबला, बारीक फेस आला आणि तळाची बेरी बदामी झाली की तूप झालं. पांढऱ्या बेरीवर उतरवलेलं तूप दिसायला सुंदर पण त्यात ओल राहून जाते. बेरी बदामी होऊ दिली तर तिच्यातले काही घटक तुपात उतरतात आणि ते तुपाला हवेपासून जपतात. बेरी काळी मात्र होऊ द्यायची नाही. शेवटी विड्याचं पान किंवा कढीपत्ता टाकायची जुनी रीत आहे. ही नुसती वासासाठी नाही, दोन्ही पानांचा तूप टिकवण्यासाठी उपयोग होतो हे दुग्धशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलंय. पानं ओली टाकू नयेत, आणि तडतड थांबल्यावर गाळून घ्यावीत.

जुन्या तुपाला दोन प्रकारचे वास येऊ शकतात. आंबूस, ओकारीसारखा आला तर पाणी किंवा साय दोषी. चरबीसारखा, मेणबत्तीसारखा जड वास आला आणि गाईच्या तुपाचा पिवळा रंगही फिका पडला असेल, तर हवा आणि उजेड दोषी. दुसऱ्या प्रकाराला आपली एक सवय खतपाणी घालते. थंडीत तूप घट्ट झालं की अख्खी बरणीच गरम करून पातळ करायची आणि परत ठेवायची. दर वेळी तापवल्याने तुपाचं आयुष्य कमी होतं. मोठी बरणी बंद ठेवावी, वाटीभर तूप रोजच्या तुपाच्या भांड्यात काढावं, आणि तेवढंच पातळ करावं. ओला चमचा कुठल्याच बरणीत नको.

पीठ, आणि त्यातही बाजरी

जोवर धान्य अख्खं आहे तोवर त्यातलं तेल आणि विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. गिरणीत दळलं की दोघांची गाठ पडते, आणि घड्याळ सुरू होतं. मैद्यात कोंडा आणि अंकुर काढलेला असल्याने तेल नगण्य, म्हणून तो महिनोन्‌महिने राहतो. गव्हाचं कणकेचं पीठ उन्हाळ्यात तीन-चार आठवडे. जोंधळ्याचं पीठ खवट व्हायच्या आधी दुसरीच खूण दाखवतं. त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. पंधरवड्याच्या पुढे ते ठेवूच नये.

बाजरी सर्वांत नाजूक. तिच्यात तेल साधारण पाच टक्के, जोंधळ्याहून बरंच जास्त, आणि विकरही जोरदार. उन्हाळ्यात बाजरीचं पीठ आठवड्यातच कडवट होऊ लागतं. तपासायची सोपी रीत म्हणजे चिमूटभर पीठ जिभेवर ठेवणं. ताजं पीठ किंचित गोडसर लागतं. शंका असेल तर चमचाभर पिठात उकळतं पाणी घालून लगेच वास घ्या. कोरड्या पिठात लपलेला कुबट वास वाफेबरोबर वर येतो.

बाजरी जास्त दिवस टिकवायची तर विकर मारावं लागतं, आणि ते दळण्याआधीच मारता येतं. निवडलेली बाजरी फडक्यात सैल बांधायची. मोठ्या पातेल्यात बाजरीच्या चार-पाच पट पाणी खळखळून उकळायचं. पोटली त्यात अर्धा मिनिट बुडवून हलवायची, बाहेर काढून निथळवायची, लगेच पसरायची आणि कडक उन्हात दाणा दातांखाली टणक लागेपर्यंत वाळवायची. मग दळायची. असं पीठ काही दिवसांऐवजी काही आठवडे चांगलं राहतं. याला मर्यादा आहेत. रंग थोडा मळकट होतो, भाकरी थापताना पीठ जरा वेगळं वागतं, आणि पावसाळ्यात हा उद्योग करू नये, कारण अर्धवट वाळलेल्या बाजरीला बुरशी धरली तर होत्याचं नव्हतं होईल. ज्यांच्या गल्लीत गिरणी आहे त्यांनी एवढा खटाटोप करण्यापेक्षा दर आठवड्याला दोन किलो दळून आणलेलं बरं.

गिरणीतून पीठ गरम येतं. ते तसंच डब्यात भरून झाकण लावू नका. परातीत पसरून तासभर गार होऊ द्या. डब्यात तळाशी राहिलेलं जुनं पीठ आधी काढून घ्या, नव्याखाली पुरू नका. फ्रीजमध्ये पीठ ठेवलं तर बिघाड मंदावतो पण थांबत नाही, फ्रीजरमध्ये जास्त मंदावतो. फ्रीजमधून काढलेली पिठाची किंवा दाण्यांची पिशवी बाहेरच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर हवेतली ओल थंड पिठावर धरते.

नाकावर किती विसंबायचं

रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या नाकाला घरच्या तेलाचा वास सवयीचा होतो. हळूहळू चढलेला खवटपणा त्याला कळतच नाही. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या घासाला कळतो. म्हणून शंका आली तर तुलना करावी. एका वाटीत घरचं चमचाभर तेल, दुसऱ्या वाटीत ताज्या पाकिटातलं, दोन्ही वाट्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून एकामागून एक वास घ्यायचा. फ्रीजमधून काढलेल्या थंड वस्तूचा वास घेऊन निर्णय करू नये, थंडीत वास दबतो. फोडणीत हिंग-मोहरी पडल्यावर तर शोध घेण्यात अर्थच नाही. तेल नेहमीपेक्षा लवकर धूर सोडत असेल तर तीही खूण समजावी. सुटी आम्लं वाढली की तेल कमी तापमानाला धुरावतं.

खवट झालेलं परत ताजं होत नाही. दाणे पुन्हा भाजले, तूप लिंबाची पानं घालून परत कढवलं, तर वास काही दिवस झाकला जातो, एवढंच. चुकून एखादा घास गेला तर घाबरण्याचं कारण नाही, पण संपवायचं म्हणून महिनाभर तेच खात राहणं बरोबर नाही. त्यातलं ई जीवनसत्त्व, तुपातलं अ जीवनसत्त्व गेलेलं असतं, आणि बिघाडातून तयार झालेले पदार्थ पोटाला त्रास देतात. खवट तेल समईला, निरांजनाला चालतं, दाराच्या बिजागरीला नको, तिथे ते वाळून चिकट होतं. आणि बुरशी लागलेले दाणे किंवा पेंड ‘फुकट कशाला घालवायची’ म्हणून गाई-म्हशीपुढे टाकू नये. अफ्लाटॉक्सिनचा काही भाग रूप बदलून दुधात उतरतो आणि ते दूध परत आपल्याच घरात येतं.